गोणी कुणाच्या डोक्यावर

एक जुना विनोद. गाडीवान बैलगाडीत बसलाय आणि गोणी गाडीत न ठेवता त्याने स्वतःच्या डोक्यावर घेतलीय. वाटेत कुणी विचारतं, "अरे बाबा, गोणी डोक्यावर का?" तो म्हणतो, "बैल दमलेत बिचारे. त्यांच्यावर आणखी भार कशाला?" कुणी हा किस्सा शेखचिल्लीच्या नावावर सांगतं, कुणी बैलांच्या जागी घोडा घालतं. चांदवडच्या मुलांनी युवक महोत्सवाच्या मूकाभिनयासाठी तो उचलला, गोणी कांद्याची केली आणि चढ राहूड घाटाचा धरला. पुढची टिपणं त्या तालमींच्या वहीतली आहेत.

*

वाचताना हसू येतं ते शेवटच्या वाक्याला. आधी चित्र, मग प्रश्न, मग कारण. कारण कळलं की चित्राचा अर्थ उलटतो. मुलांनी पहिल्यांदा करून दाखवलं ते याच क्रमाने: गोणी डोक्यावर घेतलेला गाडीवान, त्याला थांबवणारा वाटसरू, वाटसरूने हात हलवून विचारलेला प्रश्न. मग गाडीवानाने बैलांकडे बोट दाखवलं, कपाळावरचा घाम पुसल्यासारखं केलं, छातीवर हात ठेवला. बघणाऱ्यांत कुणी म्हणालं बैल आजारी आहेत, कुणी म्हणालं गाडीवान शपथ घेतोय.

कारण ही शब्दांची वस्तू आहे. ‘म्हणून’ आणि ‘कारण’ यांना हातवारे नाहीत. एखादी गोष्ट का केली हे नंतर दाखवता येत नाही, आधीच दाखवावं लागतं. म्हणजे विनोद मागून पुढे लिहायला हवा: आधी बैलांचं दमणं, मग गाडीवानाला आलेली दया, मग त्या दयेतून निघालेली कृती. प्रश्न विचारणारा वाटसरू गेलाच. प्रेक्षकाला कारण आधीपासून ठाऊक असतं. त्या कारणातून हा माणूस नेमकं काय काढणार, एवढंच त्याला ठाऊक नसतं. छापील विनोद कारण लपवतो, मूक विनोद पुढची कृती लपवतो.

*

याचा सगळ्यात मोठा धडा चॅप्लिनच्या ‘सिटी लाइट्स’मध्ये आहे. १९३१ साल. बोलपट येऊन स्थिरावले होते, तरी त्याने हा चित्रपट संवादांशिवाय केला. गोष्ट अशी की फुलं विकणाऱ्या आंधळ्या मुलीला हा फाटका भटक्या श्रीमंत वाटला पाहिजे. लेखकाने ‘तिला तो श्रीमंत वाटला’ एवढं लिहिलं की काम झालं. पडद्यावर ते कसं आणायचं? चॅप्लिनने हा प्रसंग शेकडो वेळा चित्रित केला. सापडलेलं उत्तर असं: रस्त्यावर गाड्यांची गर्दी आहे, पोलीस चुकवायला भटक्या एका उभ्या मोटारीत एका दाराने शिरतो आणि दुसऱ्या दाराने फुटपाथवर उतरतो. दार बंद होतं. मुलगी त्या दिशेला मान वळवून फूल पुढे करते. थोड्या वेळाने मोटारीचा खरा मालक येऊन बसतो, दार पुन्हा लागतं, गाडी निघून जाते. मुलीला वाटतं, साहेब उरलेले पैसे न घेताच गेले.

मुलांना मी हा प्रसंग आवाज बंद करून दाखवला. दार लागल्याचा आवाज मुलीच्या मानेत ‘दिसतो’. कारण आधी, गैरसमज नंतर.

*

म्हणीचं दुखणं वेगळं आहे. विनोदात निदान एक प्रसंग असतो. म्हण म्हणजे हजार प्रसंगांवर दिलेला निकाल. निकाल करून दाखवता येत नाही. ज्यावर तो निकाल पडेल असा एक खटला उभा करावा लागतो, आणि निकाल प्रेक्षकाच्या तोंडून यावा लागतो.

‘नाचता येईना अंगण वाकडे’ मुलांना सोपी वाटली, कारण नाच आहे, अंगण आहे, दोन्ही दिसणाऱ्या गोष्टी. एक मुलगी नाचायला उभी राहिली, अडखळली, खाली बघून कपाळाला आठ्या घातल्या, अंगणाकडे बोट केलं. संपलं. बघायला बसलेल्या एका आजींनी सहज विचारलं, "अंगणात खड्डा होता का गं?"

आजींचं बरोबरच होतं. रंगमंचावर नटीने जमिनीकडे बोट दाखवून कपाळाला आठ्या घातल्या तर प्रेक्षक तिच्यावर विश्वास ठेवतो, कारण रिकाम्या जागेत काय आहे हे सांगणारी तीच एक आहे. तिने भिंत दाखवली तर भिंत असते, खड्डा दाखवला तर खड्डा असतो. म्हणीत मात्र ती खोटं बोलते आहे, हे म्हणीच्या सुरातूनच आपल्याला कळतं. मूकाभिनयात सूर नाही. म्हणजे अंगण सरळ आहे याचा पुरावा वेगळा आणावा लागणार.

मग दोन भर घातल्या. पहिली: अडखळल्यावर ती अंगण दुरुस्त करायला घेते. झाडते, मग पाणी शिंपडते, मग धुम्मस घेऊन चोपते. तेवढ्याने समाधान होत नाही म्हणून गवंड्याला बोलावते. गवंडी ओणवा होऊन, एक डोळा मिटून जमिनीच्या रेषेत बघतो, पाण्याची नळी धरतो. नळीचं एक टोक तिच्या हातात. दोघं नळीतल्या पाण्याकडे बघतात, पाणी एका पातळीत. गवंडी मान डोलावतो, पैसे घेऊन जातो. ती पुन्हा नाचते आणि त्याच पावलाला अडखळते. दुसरी भर: ती पाण्याचा तांब्या आणायला आत जाते तेवढ्यात शेजारचं पोर येतं, त्याच जागेवर तोच नाच बिनचूक नाचतं आणि पळून जातं. ती बाहेर येते, पुन्हा धुम्मस उचलते.

खरा पुरावा ते पोर आहे. गवंडी हसू वाढवतो, पण एकटा गवंडी काढला तरी चालेल. पोर काढलं तर म्हण मरते. शिवाय पोराचा नाच तिने बघता कामा नये. तिने बघितला तर ती खजील होणार आणि मग ती गोष्ट लाजेची होणार. म्हणीतली बाई खजील होत नाही.

एक बारीक गोष्ट: पोराच्या पायांनी तीच पावलं, त्याच क्रमाने, त्याच जागी पडली पाहिजेत. ती चार फूट बाजूला सरकली तर प्रेक्षकाला वाटतं की तिथली जमीन चांगली असेल. आम्ही तालमीच्या फरशीवर खडूने चौकोन आखला, प्रयोगाआधी पुसला.

*

‘काखेत कळसा, गावाला वळसा’ ही जवळजवळ तयार संहिताच आहे. प्रेक्षकाला कळसा दिसतो, शोधणाऱ्याला दिसत नाही. अडचण फक्त एवढी की कळसा काल्पनिक असल्यामुळे शोधताना नटाचा हात हळूहळू खाली येतो आणि कळसा विरघळतो. कोपराची गोलाई शेवटपर्यंत टिकली पाहिजे, धावताना, बसताना, घाम पुसतानासुद्धा.

*

ज्या घेऊ नयेत त्या. ‘दुष्काळात तेरावा महिना’: अधिक महिना दाखवायला भिंतीवर कॅलेंडर लावावं लागेल, आणि कॅलेंडर वाचावं लागलं की मूकाभिनय संपला. ‘नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा’: नाव ऐकूच आलं नाही तर उरतो नुसता वाळा. ज्या म्हणीचा सांधा नावात, आकड्यात किंवा यमकात आहे, ती शब्दांपाशीच राहू द्यावी.

*

गोणीकडे परत. आता कांदा बाजार समितीत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून मोकळाच येतो, गोणी भरल्या जातात नंतर, व्यापाऱ्याच्या खळ्यावर. म्हणून मुलांना खळ्यावर नेलं, हमालांचं काम बघायला. मुलं गोणी दाखवताना हातांनी उचलत होती, दंड फुगवून आणि चेहरा लाल करून. हमालाचा चेहरा शांत असतो. तो आधी खाली जातो, गुडघ्यात आणि कंबरेत. दुसरा हमाल हात लावतो. श्वास एकदा आत घेतला जातो आणि तिथेच थांबतो. मग पाय सरळ होतात, आणि पाठीवरची गोणी पायांमागून वर येते. चालताना पावलं आखूड आणि थोडी फाकलेली.

वजन चेहऱ्यात नसतं, टाचांत असतं. आणि डोक्यावर ओझं असताना मान वळत नाही. बाजूला बघायचं तर सगळं धड वळतं. हे एक पाळलं की गोणी लांबच्या रांगेलाही दिसते. गोणी उतरवल्यावर आधी मान सुटते, मग खांदे, मग श्वास. हा क्रम उलटला तर गोणी कागदाची होते.

आम्ही तालमीला खरी गोणी आणली, आत थोडासा भुसा आणि थोडी वाळू. ती डोक्यावर घेऊन सगळा प्रसंग करायचा, लगेच गोणी काढून तोच प्रसंग पुन्हा. शरीर थोडा वेळ आठवण ठेवतं. ती आठवण विरली की परत गोणी.

*

बैल कोण? एक जोडी, म्हणजे दोन मुलं. ओणवी होऊन चार पायांवर चालणारी मुलं पहिल्या मिनिटात गंमत आणतात आणि नंतर नुसता त्रास देतात. कुणाचीच मान वर राहत नाही, चेहरे दिसत नाहीत. म्हणून बैल उभेच ठेवले, थोडे पुढे झुकलेले, मानेवर जू असल्यासारखे खांदे, आणि दोघांच्या मानांची उंची एक. बैल आहेत हे पटवायला एक गोष्ट पुरते. नाशिक जिल्ह्याच्या आदिवासी पट्ट्यातला बोहाडा ज्यांनी पाहिलाय त्यांना हे ठाऊक आहे: मुखवटा आला की पात्र आलं, नटाने पाऊल टाकण्याआधीच. आमच्याकडे मुखवटा नव्हता, जू होतं.

या विनोदाचं मोजमाप बैलांच्या मानेत आहे, हे कळायला वेळ लागला. मुलं सगळं लक्ष गाडीवानावर देत होती, त्याचे डोळे, त्याची दया. पण गाडीवान कितीही चांगला केला तरी त्याचा मूर्खपणा त्याच्या अंगावर दिसत नाही. तो बैलांच्या अंगावर दिसतो.

तीन अवस्था ठरल्या. पहिली: गोणी गाडीत, गाडीवान गाडीत, घाट चढतोय. बैलांच्या माना खाली, पावलं जड, घुंगरांची लय मंद. दुसरी: गाडीवानाला दया येते, तो खाली उतरतो, एक गोणी गाडीतून ओढून डोक्यावर घेतो आणि गाडीच्या बाजूने चालू लागतो. बैलांच्या माना ताडकन वर. लय दुप्पट. बैल जवळजवळ धावतात, गाडीवान मागे पडतो. तिसरी: गाडीवान खूश होतो. बैल हलके झाले, गोणी डोक्यावर घेतल्याचा गुण आला. मग आता चालायचं कशाला? तो डोक्यावरच्या गोणीसकट गाडीत चढतो. बैलांच्या माना खाली. बरोबर तेवढ्याच खाली, जेवढ्या पहिल्या अवस्थेत होत्या. बोटभर जास्त नाही, कमी नाही.

जास्त खाली गेल्या तर प्रेक्षक म्हणतो, बैल अजून दमले. तेवढ्याच गेल्या तर म्हणतो, अरे, फरक काहीच पडला नाही. हा विनोद त्या ‘तेवढ्याच’मध्ये आहे. छापील विनोदात दुसरी अवस्था नाहीच, तिथे तिची गरजही नसते. इथे ती नसेल तर भार म्हणजे काय हे प्रेक्षकाने पाहिलेलंच नसतं, आणि न पाहिलेल्या गोष्टीची बरोबरी तो करणार कशाशी?

*

तिसऱ्या अवस्थेनंतर काय? विनोद तिथे संपतो, पण मूकाभिनय तिथे संपवला तर टाळ्या अर्धवट येतात. लोक पुढची हालचाल होईल म्हणून थांबलेले असतात. म्हणून गाडीवानाने बैलांच्या माना पुन्हा खाली गेलेल्या बघितल्या, विचार केला आणि गाडीतली दुसरी गोणीही डोक्यावर घेतली. त्याचं स्वतःचं तर्कशास्त्र पुढे चाललंय, आणि प्रेक्षकाला ते कळतंय. तिसऱ्या गोणीकडे त्याचा हात गेला की दिवे गेले.

दुसरी गोणी घेताना गाडीवानाने बैलांना थोपटलं पाहिजे. त्या थोपटण्यात खोटेपणाचा अंशही नको. त्याला खरंच वाईट वाटतंय. नटाने गाडीवानाला मूर्ख म्हणून केलं की प्रेक्षक त्याला हसतो आणि विसरतो. त्याची दया खरी ठेवली की प्रेक्षक ओळखतो.

*

एका वेळी एकच गोष्ट हलावी. डोळा दोन ठिकाणी जात नाही. ‘आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं’ मात्र या नियमालाच आव्हान देते, कारण तिथे दोन गोष्टी एकाच वेळी व्हायलाच हव्यात. उपाय: दळण एका लयीत, एकाच वर्तुळात, इतकं सारखं चालू ठेवायचं की चार-पाच फेऱ्यांनंतर डोळा त्याला गृहीत धरून सोडून देईल. मग कुत्र्याने यावं. कुत्रं थांबलं, इकडे तिकडे बघितलं की दळणाऱ्याचा हात जात्याभोवती पीठ चाचपतो. म्हणजे आळीपाळीने. चाचपल्यावर पीठ कमी लागतं, म्हणून जात्यात आणखी दाणे आणि दळणाला आणखी जोर. कुत्र्याची सोयच.

आंधळेपणा काठी आणि मिटलेल्या पापण्या वापरून करायला मी मुलांना नको म्हटलं. आंधळ्या माणसाचं सोंग आणून हसवणं मला आवडत नाही, आणि म्हणीला त्याची गरजही नाही. म्हण राखणाऱ्याच्या गाफीलपणावर आहे. आमच्या दळणाऱ्या मावशी ओवीत इतक्या रंगल्या होत्या की डोळे आपोआप मिटलेले. ओठ हलत होते, मान डोलत होती, आवाज नव्हता. मुलांनी मोबाइल सुचवला होता. तो लगेच कळतो, खरं आहे. पण मोबाइल हातात आला की दळायला हात राहत नाही, आणि दोन्ही हातांनी चाललेलं काम हेच तर या म्हणीचं दुःख आहे: कष्ट पूर्ण, लक्ष शून्य.

*

विद्यापीठांच्या युवक महोत्सवात मूकाभिनयाला साधारण सहा जण आणि पाच मिनिटं मिळतात. पार्श्वसंगीत चालतं, शब्द चालत नाहीत. पाच मिनिटांत गोणीची एकच गोष्ट बसते. एका प्रयोगात तीन म्हणी गुंफायचा मोह दर वर्षी कुणाला तरी होतो. मग प्रेक्षक प्रत्येक वेळी नव्याने जागा आणि माणसं ओळखण्यात गुंततो, आणि हसायची वेळ आली की पुढची म्हण सुरू झालेली असते.

संगीताबद्दल एकच: हसण्याच्या जागी शिट्टी किंवा ‘टुइंग’ नको. ते हसू मागणं झालं. घुंगरांची लय बैलांच्या पायांशी जुळलेली असली की पुरे.

*

निवेदकाला शीर्षक काय द्यायचं? ‘नाचता येईना अंगण वाकडे’ असं आधीच जाहीर झालं तर प्रेक्षक पाच मिनिटं फक्त ताळा करत बसतो, हे आलं का, ते आलं का. शीर्षक ‘अंगण’. गोणीच्या प्रसंगाचं शीर्षक ‘घाट’.

*

शि. द. फडणीसांची हास्यचित्रं तालमीच्या खोलीत भिंतीवर लावली आहेत. ‘मोहिनी’च्या मुखपृष्ठावरचं १९५२ सालचं ते चित्र: तरुणीच्या साडीवर मांजरांची नक्षी, शेजारच्या तरुणाच्या शर्टावर उंदरांची. खाली एक ओळही नाही. मुलांना विचारलं, यातलं काय काढलं तर चित्र मरेल? कुणी म्हणालं मांजरं, कुणी म्हणालं उंदीर. एका मुलीने सांगितलं, "दोघांमधलं अंतर. ते लांब उभे असते तर नुसते कपडे राहिले असते." हे खरं आहे, आणि रंगमंचावर अजून जास्त खरं आहे. गाडीवान आणि बैल यांच्यात हातभर अंतर वाढलं की प्रेक्षकाला दोघांना एका नजरेत धरता येत नाही. मानेचा खेळ मग वाया जातो.

*

कळलं की नाही हे कसं ओळखायचं? "आवडलं का?" हे विचारायचंच नाही, सगळे हो म्हणतात. "कळलं का?" हेही नाही. "काय झालं ते सांग" एवढंच. सांगणाऱ्याने घटना नीट सांगितली तर पाया पक्का. सांगता सांगता म्हण स्वतःहून तोंडात आली तर काम झालं. म्हणीऐवजी त्याने स्वतःच्या चुलत्याची किंवा साहेबाची गोष्ट सुरू केली तर त्याहून चांगलं.

प्रयोग चालू असताना बघायचं ते प्रेक्षकांच्या मानांकडे. कुणी शेजाऱ्याकडे झुकून कुजबुजलं की तिथे काहीतरी अडलंय. तो समजावून सांगतोय किंवा विचारतोय. जागा टिपून ठेवायची. हसू सगळीकडे एकदम आलं तर प्रसंग दिसला. पुढच्या रांगेत आधी आणि मागे नंतर पसरलं तर हालचाल लहान आहे, मागे पोचत नाही. हसू क्षणभर उशिरा आलं तर प्रेक्षकाने कोडं सोडवलं, म्हणजे मधला एखादा दुवा गाळलाय.

मराठी न येणारा एक तरी बघणारा हवाच. हमरस्त्यामुळे चांदवडला त्याची वाण नाही. घाटाच्या तोंडाशी ढाब्यावर थांबलेल्या परप्रांतीय ट्रकवाल्यांसमोर मुलांनी ‘घाट’ केला. गाडीवान गोणीसकट गाडीत चढला तेव्हा एकाने हसत स्वतःच्या ट्रककडे हात केला आणि डोक्यावर काहीतरी धरल्याचा अभिनय केला. त्याने म्हण विचारली नाही, विनोदही विचारला नाही.

‘अंगण’ मात्र त्यांच्यासमोर थोडं अडलं. पाण्याची नळी सगळ्यांना ओळखू आली, गवंडीकाम सगळीकडे सारखंच. पण झाडून पाणी शिंपडणं त्यांना पूजेची तयारी वाटली. शिंपडण्याचा हात आम्ही देव्हाऱ्यापुढच्यासारखा बोटांनी करत होतो. तो आता बादलीतून, ओंजळीने, कंबरेपासून फेकायचा.

*

पुढचं: ‘आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं’. दोन पोरं, एकच खोडी, आईच्या दोन प्रतिक्रिया. खोडी अगदी सारखी असायला हवी, म्हणून दोन्ही पोरांना आधी एकमेकांसमोर आरशासारखं बसवून तीच हालचाल बसवायची. कठीण आहे ते ‘आपला’. कुणाचं पोर कुणाचं, हे पहिल्या अर्ध्या मिनिटात कसं दाखवणार? घास भरवून? पदराने तोंड पुसून? पदराने पुसणं बहुधा चालेल, कारण ते कुणी दुसऱ्याच्या पोराला सहसा करत नाही. पण मग खोडीनंतर शेजारच्या पोरावर हात उगारताना तोच पदर तिच्या कंबरेला खोचलेला हवा.